थोरला, धाकटा आणि 'मोअर बेटर'

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. आमच्या कॉलेजात कॅम्पससाठी एक कंपनी आली होती. नाव सांगत नाही, कारण चूक कंपनीची नव्हती, माझीच होती. पहिली फेरी ऑनलाइन परीक्षेची. गणित, लॉजिक आणि इंग्रजी असे तीन विभाग आणि प्रत्येकाचा कट-ऑफ वेगळा. म्हणजे गणितात तुम्ही पैकीच्या पैकी मिळवलेत तरी इंग्रजीत घसरलात की घरी! नंतर प्लेसमेंटच्या सरांकडे विभागवार मार्कांची यादी आली. गणितात मी वरच्या दहात होतो आणि इंग्रजीत एका मार्काने उडालो होतो. एका!

त्या संध्याकाळी ठाण्याहून डोंबिवलीची स्लो पकडली. सोबत माझा पार्टनर होता (तो पास झाला होता, त्यामुळे तोंड पाडून बसायचं नाटक करत होता). आठवतील ते प्रश्न मी वहीच्या मागच्या पानावर लिहून काढले. चार प्रश्न चुकल्याची खात्री होती आणि गंमत म्हणजे चारही विशेषणांचे निघाले. एक विशेषणांचा क्रम लावायचा, एक 'मोअर' कुठे लावायचं त्याचा आणि दोन 'एल्डर'-'ओल्डर'चे.

"तू उत्तरं कशी दिलीस?" त्याने विचारलं.

"कानाला बरं वाटलं ते टिक केलं."

"मग तुझा कान मराठी आहे," तो म्हणाला. "माझ्या आजीकडे चल."

आजी म्हणजे कल्याणच्या एका मराठी शाळेत तीसेक वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या बाई. डोंबिवली पूर्वेला राहतात. पुढचे दोन रविवार मी त्यांच्याकडे गेलो. तिथे जे कळलं ते इथे लिहितोय, कारण व्याकरणाच्या गाईडमध्ये नियम सापडतात, पण आपली चूक नेमकी कुठून येते हे सापडत नाही. आजींचं म्हणणं असं : "कान मराठी आहे म्हणून रडू नकोस. तीन ठिकाणी तो तीन वेगळ्या तऱ्हेने वागतो. एका ठिकाणी तुला फसवतो, एका ठिकाणी बहुतेक बरोबर असतो आणि एका ठिकाणी उत्तर त्याच्यापाशी असतं, पण तू त्याला विचारतच नाहीस."

फसवतो ते आधी बघू.

'जास्त बेटर' कुठून आलं?

मराठीत तुलना करताना विशेषण स्वतः बदलत नाही. 'चांगला' हा शब्द घ्या. हा पेन चांगला आहे. हा पेन त्या पेनपेक्षा चांगला आहे. हा पेन सगळ्यात चांगला आहे. तिन्ही वाक्यांत 'चांगला' जसाच्या तसा. तुलनेचं सगळं ओझं 'पेक्षा' आणि 'सगळ्यात' यांनी उचललंय. वाटलं तर 'जास्त' किंवा 'अधिक' आणखी लावतो, पण ते वेगळा शब्द म्हणून बाहेर उभं राहतं. विशेषणाच्या पोटात शिरत नाही.

इंग्रजीत तुलनेची खूण दोन तऱ्हांनी करता येते. एक तर विशेषणाच्या शेपटीला 'अर' जोडायचा : टॉल-टॉलर, चीप-चीपर. नाहीतर बाहेर 'मोअर' लावायचं : मोअर ब्यूटिफुल, मोअर डिफिकल्ट. काही शब्द पूर्ण कपडे बदलून येतात : गुड-बेटर, बॅड-वर्स. पण खूण एकदाच. 'अर' लागला की 'मोअर' नाही. 'बेटर'च्या पोटात 'मोअर' आधीच बसलेलं आहे. त्यामुळे 'मोअर बेटर' म्हणजे तिकीट काढून वर पासही दाखवण्यातला प्रकार.

मग आपण 'मोअर बेटर' का म्हणतो? नियम माहीत नसतो असं नाही. पाचवी-सहावीतच 'गुड, बेटर, बेस्ट' घोकलेलं असतं. आजींनी यावर मला एकच प्रश्न विचारला : "ताप उतरला की मित्राला काय विचारतोस?"

"आता बेटर वाटतंय का?"

"बघ! तुझ्या तोंडात 'बेटर' हा आता मराठी शब्द झालाय. त्याचा अर्थ 'बरं'. आणि मराठीत 'बरं'च्या आधी 'जास्त' लावायला कोण अडवणार?"

खरंच आहे की! कट्ट्यावर आपण सर्रास म्हणतो, 'तो ऑप्शन जास्त बेटर आहे.' त्याहून सर्रास म्हणतो, 'सगळ्यात बेस्ट वडापाव अमुकच्या गाडीवर.' मराठी वाक्यात हे कोणाला खटकत नाही, कारण तिथे 'बेस्ट'चा अर्थ नुसता 'भारी' एवढाच उरलाय. पण हेच वाक्य डोक्यातल्या डोक्यात इंग्रजीत नेलं की 'जास्त'चं 'मोअर' होतं, 'सगळ्यात'चं 'मोस्ट' होतं आणि 'बेटर' नि 'बेस्ट' आहेत तिथेच राहतात. झालं 'मोअर बेटर', झालं 'मोस्ट बेस्ट'.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. शेक्सपिअरच्या काळी इंग्रज स्वतः अशी दुहेरी रूपं बिनधास्त वापरायचे. त्याच्या 'ज्युलिअस सीझर' नाटकात अँटनीच्या भाषणातच दुहेरी तमभाव आहे. पुढे व्याकरणकारांनी ती मोडीत काढली. रॉबर्ट लाउथ यांनी १७६२ साली जे व्याकरण छापलं, त्यात अशा रूपांना अशुद्ध ठरवलंय. शिवाय आपणही काही कमी नाही. 'उत्तम' हा संस्कृतातून आलेला शब्द मुळातच तमभावाचा, शेवटचा 'तम' त्याचाच. तरी आपण त्याच्यापुढे 'सर्व' लावून 'सर्वोत्तम' करतोच. 'श्रेष्ठ', 'ज्येष्ठ', 'कनिष्ठ' यांतला 'इष्ठ' म्हणजे इंग्रजीतल्या 'एस्ट'चा जुना नातेवाईक. म्हणजे 'सर्वश्रेष्ठ' हे आपलं घरचं 'मोस्ट बेस्ट' झालं! फरक इतकाच की मराठीत ते रुळलं आणि आजच्या लिखित इंग्रजीत ती चूक धरतात.

आता परीक्षेच्या कामाचं. 'मोअर बेटर' उघडं विचारलं तर कोणीही ओळखेल. पेपर काढणारेही ते जाणतात, म्हणून ते दोन शब्दांच्या मध्ये काहीतरी घुसवतात किंवा उलटा सापळा लावतात.

पहिला सापळा म्हणजे 'मच', 'फार', 'इव्हन' आणि 'स्टिल'. 'मच बेटर' बरोबर आहे. 'फार चीपर' आणि 'इव्हन वर्स'ही बरोबर. हे शब्द तुलना करत नाहीत, फरक किती मोठा आहे ते सांगतात. मराठीतलं 'कितीतरी' किंवा 'आणखीच' म्हणा ना. पण 'मच मोअर बेटर' चूक, कारण तिथे 'मच'च्या आडून 'मोअर' आत शिरलंय. तेव्हा वाक्यात 'मच' दिसलं की घाबरायचं नाही. बोटाने झाकायचं आणि उरलेलं वाचायचं. 'बेटर' उरलं तर ठीक, 'मोअर बेटर' उरलं तर पकडलं.

दुसरा सापळा मला त्या दिवशी नडला. वाक्य साधारण असं होतं : 'ही इज मोअर क्लेव्हर दॅन ऑनेस्ट.' मी म्हटलं, 'क्लेव्हर'चं 'क्लेव्हरर' होतं, म्हणजे 'मोअर' चूक. टिक केलं आणि मार्क गेला. कारण इथे दोन माणसांची तुलनाच नाही. एकाच माणसातल्या दोन गुणांची आहे. अशा वेळी शब्द लहान असो की मोठा, 'मोअर'च लागतं. मराठीत आपण हे वाक्य कसं म्हणू? 'तो प्रामाणिक कमी, हुशार जास्त.' बघा, इथे 'जास्त' आपोआप वेगळं, ठसठशीत उभं राहतं आणि 'पेक्षा' येतच नाही. मराठीत वाक्य 'हे कमी, ते जास्त' अशा साच्यात बसलं की इंग्रजीत 'मोअर' ठेवायचं.

'अर' कधी आणि 'मोअर' कधी, याचा हिशेबही थोडक्यात सांगून टाकतो. एका झटक्यात उच्चारला जाणारा शब्द 'अर' घेतो : फास्ट, ओल्ड, चीप. तीन किंवा जास्त तुकड्यांचा शब्द 'मोअर' घेतो : इंटरेस्टिंग, एक्सपेन्सिव्ह. दोन तुकड्यांच्या शब्दात शेवट 'ई'चा असेल तर बहुतेक 'इअर' होतं : ईझी-ईझिअर, हेवी-हेविअर. 'केअरफुल', 'यूसलेस' अशा शेपटीवाल्यांना 'मोअर'. राहिले 'क्लेव्हर', 'सिंपल', 'नॅरो', 'क्वायट' असले मधलेच. त्यांना दोन्ही चालतं, त्यामुळे निव्वळ त्यांच्यावर कोणी शहाणा पेपर सेटर प्रश्न काढत नाही.

क्रमाच्या प्रश्नात कानाचं ऐका, पण एक काम करून

माझी दुसरी चूक विशेषणांच्या क्रमाची होती. शब्द विस्कटून दिले होते : स्टील, राउंड, न्यू, स्मॉल. आणि पुढे 'टिफिन बॉक्स'. क्रम लावा. मी लावला 'अ स्टील स्मॉल न्यू राउंड टिफिन बॉक्स'. चूक!

गाईडमध्ये यासाठी एक लांबलचक यादी असते. आधी मत (लव्हली, अग्ली), मग आकारमान (बिग, स्मॉल), मग वय (न्यू, ओल्ड), मग घाट (राउंड, स्क्वेअर), मग रंग, मग कुठला ते, मग कशाचा ते आणि शेवटी कशासाठी ते. पाठ करायला 'ओसास्कॉम्प' असा एक चमत्कारिक शब्दही देतात. मी पाठ केला होता. परीक्षेत आठवला तो 'ओस्कास्मॉप' असा काहीतरी.

आजींनी यादी बाजूला ठेवली आणि विचारलं, "कोल्हापुरी चप्पल घेतलीस तर वर्णन कसं करशील? छान, नवी, तपकिरी, चामडी हे शब्द वापर."

मी पटकन म्हटलं, "छान नवी तपकिरी कोल्हापुरी चामडी चप्पल."

"आता हेच शब्द एकेक करून इंग्रजीत ठेव."

'नाइस न्यू ब्राउन कोल्हापुरी लेदर चप्पल.' मत, वय, रंग, कुठली, कशाची. यादीतला क्रम जसाच्या तसा! 'चामडी तपकिरी नवी छान चप्पल' म्हणून बघा. मराठीतही जीभ अडखळते. म्हणजे हा क्रम आपण कधी शिकलो नाही, तरी तो आपल्याला येतो.

यामागचं कारणही सरळ आहे. वस्तूला जे कायमचं चिकटलेलं आहे ते नामाला लागून बसतं आणि जे आपल्या मनातलं आहे ते लांब जातं. चप्पल चामड्याची आहे हे कोणी नाकारू शकत नाही. ती तपकिरी आहे, पण पॉलिशने काळी होईल. नवी आहे, पण महिन्याभरात जुनी होईल. आणि छान आहे हे तर फक्त माझं मत, बाबांना ती आवडलेली नाही. नामाकडून मागे मागे येत गेलं की खात्री कमी होत जाते. मराठीत आणि इंग्रजीत विशेषण नामाच्या आधीच येतं, म्हणून दोन्हीकडे रांग एकाच दिशेला लागते.

मग माझा डबा का चुकला? कारण घरी आपण म्हणतो, 'तो स्टीलचा छोटा डबा दे.' आणि हे मराठी अगदी शुद्ध आहे. खरी मेख इथेच आहे. मराठीत 'कशाचा' हे सांगायच्या दोन तऱ्हा आहेत. एक 'लाकडी', 'दगडी', 'रेशमी' अशी विशेषणं. दुसरी 'लाकडाचा', 'दगडाचा', 'रेशमाचा' अशी षष्ठी. विशेषण शिस्तीत नामाला चिकटून बसतं. आपण 'जुना दगडी पूल' म्हणतो, 'दगडी जुना पूल' कानाला खटकतो. पण 'चा-ची-चे' लागलेला शब्द सुटा असतो, त्याला रांगेत कुठेही शिरता येतं. 'दगडाचा जुना पूल' आणि 'जुना दगडाचा पूल' दोन्ही चालतात. इंग्रजीत 'स्टोन' किंवा 'स्टील' नामापुढे थेट आलं की त्याला अशी सूट नाही. त्याने नामाजवळच बसायचं.

म्हणून कानाकडे जायच्या आधी एक काम करायचं. मराठीत वाक्य बनवताना 'चा-ची-चे' लावायचं नाही. 'लाकडाची'चं 'लाकडी' करा, 'सुताची'चं 'सुती', 'लोखंडाचा'चं 'लोखंडी'. स्टीलसारख्या शब्दाला असं रूप नसेल तर नुसतं 'स्टील डबा' म्हणा. आता 'स्टील छोटा नवा डबा' म्हणून बघा. कसंतरी वाटतं ना? 'छोटा नवा गोल स्टील डबा', हे बसलं. उत्तर : 'अ स्मॉल न्यू राउंड स्टील टिफिन बॉक्स.' 'टिफिन' हे कशासाठी ते सांगतं, म्हणून ते बॉक्सपासून कोणीही हलवू शकत नाही.

आकड्यांनाही हीच युक्ती चालते. 'द फर्स्ट टू चॅप्टर्स' की 'द टू फर्स्ट चॅप्टर्स'? परीक्षेच्या आदल्या रात्री आपण काय म्हणतो? 'पहिली दोन प्रकरणं तरी वाच.' झालं!

कानाची मर्यादा मात्र सांगायला हवी. आकारमान, वय आणि घाट या तिघांत मराठी बरीच सैल आहे. 'छोटा गोल नवा' आणि 'नवा छोटा गोल' आपल्याला सारखेच वाटतात. या तिघांपुरतं पाठ करावंच लागतं : आधी केवढा, मग केव्हाचा, मग कसल्या घाटाचा. आठ कप्प्यांची यादी तीनवर आली, हा फायदा काही कमी नाही. शिवाय खुद्द इंग्रजीतही हा क्रम दगडावरची रेघ नाही. गोष्टीतला लांडगा 'बिग बॅड वुल्फ' असतो, 'बॅड बिग' नाही, जरी मत आधी यायला हवं. तिथे आवाजाचा ठेका जिंकतो. पण अशा घट्ट बसलेल्या जोड्या विस्कटून परीक्षेत सहसा देत नाहीत.

थोरला आणि मोठा

आता 'एल्डर' आणि 'ओल्डर'. दोन मार्क गेले ते इथे, म्हणून जरा सावकाश.

आपला गोंधळ होतो तो 'मोठा' या शब्दामुळे. 'मोठा भाऊ' म्हणतो आणि 'माझ्यापेक्षा मोठा'ही म्हणतो. मोठी इमारत, मोठा माणूस, मोठा आवाज, सगळं मोठंच. मग शाळेत कधीतरी 'मोठा भाऊ म्हणजे एल्डर ब्रदर' असं लिहून घेतलं की डोक्यात 'मोठा = एल्डर' पक्कं बसतं आणि पुढे 'ही इज एल्डर दॅन मी' आपोआप बाहेर पडतं.

आजी म्हणाल्या, "मोठा सोड. थोरला म्हणून बघ."

हा शब्द आपण हल्ली वापरत नाही, म्हणून तो सुचत नाही. पण इंग्रजांचा 'एल्डर' म्हणजे जवळजवळ आपला 'थोरला'. घरातल्या भावंडांचा क्रम सांगणारा शब्द. थोरला भाऊ, थोरली बहीण, थोरली जाऊ. 'थोरली इमारत' कोणी म्हणत नाही, 'थोरला मित्र' म्हणत नाही. तसंच 'एल्डर बिल्डिंग' नाही आणि 'एल्डर फ्रेंड'ही नाही. तिथे 'ओल्डर'.

इतिहासातही ही जोडी जुळते. पहिल्या बाजीरावांना (१७००-१७४०) आपण 'थोरले बाजीराव' म्हणतो, कारण पुढे त्याच घराण्यात आणखी एक बाजीराव झाले. इंग्लंडमध्ये विल्यम पिट नावाचे बाप-लेक दोघंही पंतप्रधान झाले. त्यांतल्या बापाला (१७०८-१७७८) ते 'पिट द एल्डर' म्हणतात. म्हणजे थोरले पिट! 'ओल्डर पिट' असं कोणी म्हणत नाही.

आता खरी कसोटी. 'थोरला'च्या मागे 'माझ्यापेक्षा' लावून बघा. 'तो माझ्यापेक्षा थोरला आहे' असं आपण सहसा म्हणत नाही. 'माझ्यापेक्षा मोठा' म्हणतो. इंग्रजीतही तसंच : 'दॅन' आलं की 'एल्डर' चालत नाही, 'ओल्डर'च हवं. म्हणून 'माय एल्डर ब्रदर इज थ्री इयर्स ओल्डर दॅन मी' हे वाक्य पूर्ण बरोबर आहे. माझा थोरला भाऊ माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आहे. एकाच वाक्यात दोन्ही शब्द, दोन्ही आपापल्या जागी. आणि 'दोघांतला थोरला' मराठीत चालतं, तसं 'द एल्डर ऑफ द टू' इंग्रजीत चालतं.

वस्तूंचं उदाहरण आपल्या रोजच्या रस्त्यावरचंच घ्या. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली १६ एप्रिल १८५३ रोजी. कल्याणपर्यंत रूळ पोचले त्याच्या पुढच्या वर्षी, १८५४ मध्ये. तेव्हा 'ठाणे स्टेशन इज ओल्डर दॅन कल्याण स्टेशन'. 'एल्डर' म्हणायला ती काही भावंडं नाहीत (आणि असती तरी 'दॅन' आल्यावर 'ओल्डर'च झालं असतं).

असं का झालं असावं? मुळात 'एल्डर' हेच 'ओल्ड'चं जुनं तरभावाचं रूप. फार जुन्या इंग्रजीत काही शब्दांना तुलनेची शेपटी लागली की मधला स्वर बदलायचा, तसा 'ओ'चा 'ए' झाला. पुढे लोकांनी साधं, नियमाप्रमाणे 'ओल्डर' बनवलं आणि रोजची सगळी कामं त्याच्याकडे गेली. 'एल्डर' घरापुरता उरला आणि तुलना करायचं मूळ कामच विसरला. म्हणून त्याला 'दॅन' सोसत नाही. आपला 'थोरला'ही बाहेरची कामं 'मोठा'ला देऊन घरातच बसलाय की!

युक्तीची मर्यादा इथेही आहे. मराठीत 'तो थोरला, मी धाकटा' असं नामाशिवाय चालतं. इंग्रजीत 'माय ब्रदर इज एल्डर' असं उघडं चालत नाही. पुढे नाम हवं, नाहीतर मागे 'द' तरी हवा. दुसरं म्हणजे 'ओल्डर ब्रदर' ही चूक नाही. अमेरिकेत तर तेच जास्त चालतं. म्हणून पर्यायांत नुसतं 'ओल्डर ब्रदर' दिसलं म्हणून त्यावर काट मारू नका, चूक दुसरीकडे शोधा. माझा दुसरा मार्क असाच गेला. आणि 'ओल्ड फ्रेंड' म्हणजे जुना मित्र, 'ओल्डर फ्रेंड' म्हणजे वयाने मोठा मित्र. तुमचा शाळेतला बाकावरचा दोस्त तुमच्याच वयाचा असून 'ओल्ड फ्रेंड' असतो.

एक प्रश्न सोडवून बघू

दुसऱ्या रविवारी आजींनी एक वाक्य लिहून दिलं. चार भाग, कुठल्या भागात चूक आहे ते सांगायचं :

(अ) माय एल्डर सिस्टर, हू इज टू इयर्स ओल्डर दॅन मी, (ब) हॅज बॉट अ लव्हली कॉटन ब्लू साडी (क) व्हिच इज मच चीपर दॅन माइन (ड) अँड मोअर कम्फर्टेबल.

भाग 'अ'. 'एल्डर सिस्टर' म्हणजे थोरली बहीण, पुढे नाम आहे, ठीक. 'ओल्डर दॅन मी', 'दॅन' आहे म्हणून 'ओल्डर', तेही ठीक. घाईत माणूस इथेच अडकतो. एकाच भागात दोन वेगळे शब्द दिसले की वाटतं, यातला एक चूक असणारच.

भाग 'क'. 'मच' बोटाखाली झाका. उरलं 'चीपर दॅन माइन'. खूण एकच, ठीक.

भाग 'ड'. 'कम्फर्टेबल' लांब शब्द, 'मोअर' हवंच. आधी 'चीपर'ला 'अर' लागला म्हणून इथलं 'मोअर' दुहेरी होत नाही. प्रत्येक विशेषणाची खूण त्याची त्याची.

राहिला भाग 'ब'. मराठीत म्हणा, पण 'सुताची' नाही, 'सुती' म्हणा. 'छान सुती निळी साडी'? की 'छान निळी सुती साडी'? दुसरं. म्हणजे 'अ लव्हली ब्लू कॉटन साडी'. चूक 'ब'मध्ये.

हे सगळं लिहायला अर्धं पान लागलं, पण सवय झाली की अर्ध्या मिनिटाच्या आत होतं. मी सवय केली ती लोकलमध्येच. ठाणे ते डोंबिवली उभ्याने दहा वाक्यं आरामात होतात. डिसेंबरमध्ये दुसऱ्या एका कंपनीच्या परीक्षेत इंग्रजीचा कट-ऑफ पार केला, पुढच्या फेऱ्याही झाल्या.

पेढे घेऊन आजींकडे गेलो. दार पार्टनरने उघडलं आणि आतल्या खोलीकडे बघून ओरडला, "आजी, हा आलाय! आता याचं इंग्रजी जास्त बेटर झालंय!"

आतून आवाज आला, "त्याचं झालं असेल. तुझं कधी होणार?"